तीन हिंजची कमान: H दोन बाजूंनी वेगळा का आला, आणि लोड नसलेल्या जागी मोठा मोमेंट कसा

प्रश्न: सर, ४० मीटर स्पॅनची, ८ मीटर राइजची पॅराबोलिक थ्री-हिंज्ड आर्च आहे. आधार A आणि B एकाच पातळीवर, तिसरी हिंज C बरोबर मध्ये, माथ्यावर. A पासून १० मीटरवर १०० किलोन्यूटन आणि २५ मीटरवर ६० किलोन्यूटन असे दोन पॉइंट लोड. डाव्या बाजूने H काढला तर ११८.७५ येतो, उजव्या बाजूने १५६.२५. पहिल्या लोडखाली मोमेंट मला २५ मिळतो, उत्तरात २६२.५ दिलाय. शिवाय सर्वांत मोठा उणे मोमेंट B पासून ६.८४ मीटरवर १११.१८ दिलाय. तिथे तर एकही लोड नाही. माझं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचा ११८.७५ बरोबर आहे. १५६.२५ कसा आला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आकड्यावरून कळतं: ६२.५ गुणिले २० भागिले ८. उजव्या अर्ध्या भागाचा मोमेंट घेताना तुम्ही B ची रिॲक्शन धरली आणि त्याच अर्ध्यावर बसलेला ६० किलोन्यूटनचा लोड विसरलात. २५ चंही तसंच. ९७५ मधून ११८.७५ गुणिले ८ वजा केलेत. तिथे ८ च्या जागी ६ हवे होते. या दोन चुका मी विद्यार्थ्यांच्या वह्यांतही पाहिल्या आहेत आणि नोकरीत मुरलेल्या इंजिनिअरांच्या कागदांवरही. तिसऱ्या मुद्द्यात तुमचं काही चुकलेलं नाही. तो या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

पुढे लोडांच्या जागांना डावीकडून D आणि E म्हणतो. D म्हणजे A पासून १० मीटर, E म्हणजे A पासून २५ मीटर, अर्थात B पासून १५ मीटर.

आधी उभ्या रिॲक्शन. दोन्ही आधार एकाच पातळीवर असल्यामुळे इथे कमानीचा कमानपणा मध्ये येतच नाही. A भोवती मोमेंट घेतला की दोन्ही आधारांवरचे आडवे रेटे A मधून जाणाऱ्या आडव्या रेषेवरच पडतात, त्यांचा हात शून्य होतो, आणि उरतं ते साध्या बीमचं गणित.

V_B = (१०० × १० + ६० × २५) ÷ ४० = २५०० ÷ ४० = ६२.५ किलोन्यूटन
V_A = १६० − ६२.५ = ९७.५ किलोन्यूटन

आधार खालीवर असले तर मात्र हे चालत नाही. मग A भोवतीच्या समीकरणात H सुद्धा येतो, आणि V व H एकमेकांत गुंतलेली दोन समीकरणं एकदम सोडवावी लागतात. तुमच्या गणितात ती वेळ नाही.

आता H. संपूर्ण कमानीचा समतोल कितीही वेळा लिहिला तरी H मिळत नाही, कारण A चा रेटा उजवीकडे, B चा रेटा डावीकडे, दोन्ही सारखे, आणि बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतात. नवी माहिती एकाच ठिकाणाहून येते: C पाशी हिंज आहे, म्हणून तिथे मोमेंट शून्य. पण हे वाक्य उपयोगी पडायचं तर कमान C पाशी खरोखर कापावी लागते. कागदावर C मधून उभी रेघ मारा आणि उजवा तुकडा हाताने झाकून टाका. जे दिसतंय तेवढंच समीकरणात येईल, आणि जे दिसतंय ते सगळं येईल. डाव्या तुकड्यावर तीन गोष्टी दिसतात: A चे V_A आणि H, आणि D चा १०० चा लोड. C वर जी काही बलं आहेत ती C मधूनच जातात, त्यांचा C भोवती मोमेंट नाही.

९७.५ × २० − १०० × १० − H × ८ = ०
८H = १९५० − १००० = ९५०
H = ११८.७५ किलोन्यूटन

आता डावा तुकडा झाका. उजव्या तुकड्यावर B चे V_B आणि H दिसतात, आणि E चा ६० चा लोडही दिसतो. E हा C पासून ५ मीटरवर आहे.

६२.५ × २० − ६० × ५ − H × ८ = ०
८H = १२५० − ३०० = ९५०

तोच ९५०, तोच H. तुमच्या कागदावर हे तीनशे गळाले होते. दोन बाजूंनी H वेगळा आला की कोणता खरा म्हणून सरासरी काढू नका, कोणताही एक निवडू नका. दोन्हीत काहीतरी राहिलंय का ते शोधा, कारण एकाच कमानीला दोन H असू शकत नाहीत. दुसऱ्या बाजूने H काढून पाहणं ही या गणितातली सर्वांत स्वस्त पडताळणी आहे, आणि तुम्ही ती केलीत म्हणूनच चूक सापडली. एक सावधगिरी मात्र ठेवा: V_A किंवा V_B च चुकले असतील तरीही दोन H जुळत नाहीत. म्हणून आधी उभ्या बलांची बेरीज १६० होते का, आणि V_A दुसऱ्या टोकाभोवती मोमेंट घेऊनही तोच येतो का, हे पाहून मगच H कडे वळा.

पॉइंट लोड असतील तर H ची आणखी एक पडताळणी मला फार आवडते, कारण तिच्यात समीकरणापेक्षा चित्र आहे. प्रत्येक लोड एकटाच आहे असं समजा. फक्त D चा १०० घेतला तर उजवा अर्धा भाग पूर्ण रिकामा. त्याच्यावर बलं फक्त दोन ठिकाणी, B वर आणि C वर. ज्या तुकड्यावर दोनच ठिकाणी बलं आहेत तो तुकडा समतोलात राहायचा तर ती बलं त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवरच असायला हवीत. म्हणजे B ची रिॲक्शन थेट C कडे रोखलेली. B पासून C २० मीटर लांब आणि ८ मीटर उंच, म्हणून आडवा भाग हा उभ्या भागाच्या २० भागिले ८, अर्थात अडीचपट. या लोडामुळे V_B होतो २५, तर H होतो ६२.५. आता फक्त E चा ६० घ्या. डावा अर्धा रिकामा, A ची रिॲक्शन C कडे रोखलेली. V_A होतो ६० × १५ ÷ ४० = २२.५, आणि H त्याच्या अडीचपट, ५६.२५. दोन्हींची बेरीज ११८.७५. परीक्षेत अर्ध्या मिनिटात होते ही पडताळणी, आणि पहिल्या पद्धतीतली चूक हिच्यात सहसा पुन्हा होत नाही, कारण वाट वेगळी आहे.

इथे एक गोष्ट निसटते, ती थांबून पाहा. आतापर्यंत कमान पॅराबोला आहे हे आपण कुठेच वापरलेलं नाही. फक्त तीन हिंज कुठे आहेत आणि लोड कुठे आहेत एवढंच वापरलं. त्याच तीन हिंजमधून वर्तुळाची कमान काढा, किंवा दोन सरळ दांडे त्रिकोणासारखे टेकवा, H तोच ११८.७५ राहील. आकार आत शिरतो तो मोमेंट काढताना.

मोमेंटसाठी D मधून कमान कापा आणि डावा तुकडा उघडा ठेवा. V_A त्या छेदापासून १० मीटर आडवा आहे, तो तुकडा वर उचलतो. H मात्र छेदाच्या खाली आहे, किती खाली, तर D ची जेवढी उंची तेवढा. माथ्याची उंची इथे येतच नाही, कारण आपण माथ्यापाशी कापलेलं नाही. C पाशी कापलं होतं तेव्हा H चा हात ८ होता; आता छेद हलला, हातही बदलला. तुमचा ८ हा मागच्या पायरीतून सरकत आलेला आकडा आहे. अशी चूक टाळायची तर राइजला h आणि छेदाच्या उंचीला y अशी दोन वेगळी अक्षरं पहिल्या ओळीपासून वापरा. पॅराबोलासाठी

y = ४h × x × (४० − x) ÷ ४०² = x(४० − x) ÷ ५०

x = १० ठेवलं की y = ३०० ÷ ५० = ६ मीटर. मग

M_D = ९७.५ × १० − ११८.७५ × ६ = ९७५ − ७१२.५ = २६२.५ किलोन्यूटन-मीटर

अधिक चिन्हाचा अर्थ सॅगिंग, म्हणजे कमानीच्या आतल्या, खालच्या बाजूला ताण. याच स्पॅनचा साधा बीम असता तर D वर ९७५ सोसावे लागले असते. त्यातले ७१२.५ आडव्या रेट्याने परत घेतले. कमानीचा मोमेंट म्हणजे बीमचा मोमेंट वजा H गुणिले y, हे सूत्र पाठ असेलच. पण या दोन पदांचा आकार वेगळा आहे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

बीमच्या मोमेंटला H ने भागा. ९७५ ÷ ११८.७५ = ८.२१. मोमेंटला बलाने भागलं की लांबी उरते, म्हणजे हे ८.२१ मीटर आहेत. D च्या बरोबर वर, आधारांच्या पातळीपासून ८.२१ मीटर उंचीवर एक टिंब द्या. असंच प्रत्येक x साठी केलं की एक रेघ तयार होते. तिला थ्रस्ट लाइन म्हणतात. प्रत्येक छेदावर डावीकडची सगळी बलं एकत्र केली तर त्यांचं एकत्रित बल ज्या वाटेने जातं ती ही वाट. आणि मोमेंट म्हणजे H गुणिले या रेघेचं आणि कमानीच्या अक्षाचं उभं अंतर, याहून जास्त काही नाही. D वर रेघ ८.२१, कमान ६, फरक २.२१. गुणिले ११८.७५ केलं की २६२.५ परत मिळतात.

पॉइंट लोड असतील तर थ्रस्ट लाइन सरळ तुकड्यांचीच बनते, आणि लोडापाशीच तिला कोपरा येतो. तुमच्या कमानीत ती अशी जाते. A मधून निघून सरळ चढत D वर ८.२१ मीटरपर्यंत. तिथे १०० चा लोड भेटतो, रेघ वळते आणि जवळजवळ आडवी होऊन किंचित उतरत C मधून बरोबर ८ मीटरवर जाते. C मधून ती जायलाच हवी, कारण तिथे मोमेंट शून्य आहे. तशीच A आणि B मधूनही. C च्या पुढे तीच रेघ E वर ७.८९ मीटरला पोचते, तिथे ६० च्या लोडाने खाली वळते आणि मग थेट B पर्यंत सरळ उतरते. ग्राफ पेपरवर ही रेघ आणि पॅराबोला एकावर एक काढा. दहा मिनिटं लागतील, पण नंतर हे गणित तुम्ही कधी विसरणार नाही.

आता E आणि B च्या मधला भाग बघा. थ्रस्ट लाइन तिथे सरळ आहे, आणि कमान फुगीर. B पाशी दोन्ही एकाच बिंदूतून निघतात. कमान सुरुवातीला जास्त उभी चढते, म्हणून ती रेघेच्या वर जाते. पुढे कमान सपाट होऊ लागते, रेघ मात्र त्याच चढाने वर येत राहते आणि शेवटी कमानीला गाठून वर निघून जाते. E वर रेघ ७.८९ आणि कमान ७.५, म्हणून तिथला मोमेंट अधिक ४६.८८. सुरुवातीला अंतर शून्य, मध्ये कमान वर, मग पुन्हा शून्य, मग रेघ वर. हे मधलं अंतर कुठेतरी सर्वांत मोठं होणारच, आणि ते लोडाच्या जागी होण्याचं काहीच कारण नाही. ते तिथे होतं जिथे कमानीचा उतार आणि रेघेचा उतार सारखे होतात.

रेघेचा उतार V_B ÷ H, म्हणजे ६२.५ ÷ ११८.७५ = ०.५२६. B पासून s अंतरावर कमानीचा उतार (४० − २s) ÷ ५०. दोन्ही सारखे ठेवा:

(४० − २s) ÷ ५० = ०.५२६
s = ६.८४ मीटर

तिथे कमान ४.५४ मीटर उंच, रेघ ३.६० मीटर. फरक सुमारे ०.९४ मीटर, कमान वर. H ने गुणलं की १११ च्या आसपास. पूर्ण दशांश घेऊन हेच समीकरणाने करायचं असेल तर B पासून E पर्यंत

M = ६२.५s − ११८.७५ × s(४० − s) ÷ ५० = −३२.५s + २.३७५s²

याचा डेरिव्हेटिव्ह शून्य केला की s = ६.८४ आणि M = −१११.१८. ऋण म्हणजे हॉगिंग, कमानीच्या बाहेरच्या, वरच्या बाजूला ताण.

साध्या बीमची सवय आपल्याला फसवते ती इथे. बीमवर पॉइंट लोड असतील तर मोमेंटचा आलेख सरळ तुकड्यांचा असतो, म्हणून मोठा मोमेंट लोडाखालीच सापडतो आणि बाकीच्या जागा तपासायची गरज पडत नाही. कमानीत त्या सरळ तुकड्यांतून H × y हा वळणदार भाग वजा होतो, आणि उरलेला आलेख लोडांच्या मध्येही वाकलेला असतो. कोणी फक्त दोन लोडांखालचे मोमेंट काढून थांबला असता तर त्याला २६२.५ आणि ४६.८८ मिळाले असते, दोन्ही अधिक. हॉगिंगचा मोमेंट आहे याचा पत्ताच लागला नसता. उजव्या चतुर्थांशावर, म्हणजे B पासून १० मीटरवर बघण्याची पद्धत आहे, तिथेही −८७.५ मिळतो, चिन्ह कळतं, पण आकडा सुमारे एकपंचमांशाने कमी पडतो.

उलट बाजूचाही विचार करा. डाव्या अर्ध्यात D च्या दोन्ही बाजूंना रेघ आणि कमान समांतर होणारी जागा आहे का? A ते D मध्ये समीकरण M = २.५x + २.३७५x² येतं, ते चढतंच राहतं. D ते C मध्ये M = १००० − ९७.५x + २.३७५x². याचा तळ x = २०.५३ वर येतो, म्हणजे C च्या पलीकडे, या तुकड्याच्या बाहेर. म्हणून इथे २६२.५ हाच मोठा. डेरिव्हेटिव्ह शून्य करून आलेली जागा त्या तुकड्याच्या आत आहे का, हे दर वेळी बघावंच लागतं. C वर लोड नाही, म्हणून हेच समीकरण पुढे E पर्यंत चालतं; त्यात २०.५३ घातलं तर −०.६६ येतो, तो खरा आहे, पण नगण्य, आणि डाव्या अर्ध्यातला नाही.

एका बाजूच्या लोडाने एका बाजूला सॅगिंग आणि समोरच्या बाजूला हॉगिंग, हे तीन हिंजच्या कमानीचं स्वाभाविक वागणं आहे. लोड पलीकडे गेला की दोन्ही बाजूंची अदलाबदल होते. पुलावरून गाडी जाते तेव्हा प्रत्येक चतुर्थांशाला दोन्ही प्रकारचे मोमेंट सोसावे लागतात, तर हिंजांपाशी मोमेंट कायम शून्य. स्वित्झर्लंडमध्ये शियर्सजवळ रॉबर्ट मायार या इंजिनिअरने बांधलेला, १९३० साली पुरा झालेला साल्जिनाटोबेल पूल याच विचाराने आकाराला आला आहे. सुमारे ९० मीटर स्पॅनची तीन हिंजची काँक्रीटची कमान. तिचा फोटो शोधून बघा: आधारांपाशी आणि माथ्यावर ती बारीक आहे आणि चतुर्थांशांपाशी जाड. जिथे थ्रस्ट लाइन अक्षापासून दोन्ही बाजूंना सर्वांत जास्त भटकते तिथे खोली दिली आहे, जिथे ती बिजागरीतून जाते तिथे काढून घेतली आहे. तुम्ही काढलेल्या मोमेंटच्या आलेखाशेजारी तो फोटो ठेवा.

पॉइंट लोड पॉइंट लोड म्हणूनच का घ्यायचे, याबद्दल एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गोदामाच्या छताचं गणित माझ्याकडे तपासायला आलं. तीन हिंजच्या पोलादी कमानी होत्या, आणि प्रत्येक कमानीच्या एकाच बाजूला, चतुर्थांशाच्या आसपास, जड यंत्र टांगायचं होतं. गणित करणाऱ्याने यंत्राचं वजन संपूर्ण स्पॅनवर सारखं पसरून घेतलं होतं आणि सगळीकडे मोमेंट शून्य दाखवला होता. आकडेमोड अगदी बिनचूक. पॅराबोला आडव्या अंतरावर सारख्या पसरलेल्या लोडाचीच थ्रस्ट लाइन आहे, त्यामुळे तसं पसरलं की मोमेंट शून्य येणारच. तुमच्या कमानीवर करून बघा. एकूण १६० किलोन्यूटन ४० मीटरवर पसरले की मीटरला ४ येतात; H = ४ × ४०² ÷ (८ × ८) = १०० किलोन्यूटन, आणि प्रत्येक छेदावर मोमेंट शून्य. एकूण वजन तेच, H सुद्धा फार लांब नाही, आणि तरीही D वरचे २६२.५ कागदावरून नाहीसे झाले. म्हणून थ्री-हिंज्ड पॅराबोलिक कमानीच्या गणितात सगळीकडे शून्य दिसला की मी आधी लोडांचं पान उघडतो. त्या गोदामाच्या कमानीचा छेद पुन्हा ठरवावा लागला. पोलाद अजून कापलेलं नव्हतं, म्हणून निभावलं.

आता आकाराकडे परत येतो, कारण तुमच्या पुढच्या गणितात कमान वर्तुळाची असू शकते. तेव्हा y = x(४० − x) ÷ ५० वापरलं तर चूक होते, आणि ती चूक लहान दिसते म्हणून लक्षात येत नाही. ४० मीटर स्पॅन आणि ८ मीटर राइजच्या वर्तुळाची त्रिज्या २०² ÷ (२ × ८) + ८ ÷ २ = २५ + ४ = २९ मीटर. D हा मध्यापासून १० मीटरवर, म्हणून तिथली उंची २९² − १०² चं वर्गमूळ वजा २१, म्हणजे २७.२२ − २१ = ६.२२ मीटर. पॅराबोलाची उंची होती ६. फरक फक्त २२ सेंटिमीटर. पण मोमेंट ९७५ − ११८.७५ × ६.२२, म्हणजे सुमारे २३६ येतो, २६२.५ नाही. उंचीत साधारण पावणेचार टक्के फरक आणि मोमेंटमध्ये दहा टक्के, कारण मोमेंट हा दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे. याच कारणामुळे मधल्या पायऱ्यांत H किंवा y फार लवकर राउंड ऑफ करू नका. H ला ११९ केलंत तर D चा मोमेंट २६१ होतो, तेवढं चालेल. पण B च्या बाजूला १० मीटरवर ६२५ − ७१४ = −८९ येतो, −८७.५ च्या जागी. वजाबाकी जितकी लहान उरते तितका राउंड ऑफचा हिस्सा वाढतो.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण छेद ठरवताना लागतं ते. D वर फक्त मोमेंट नाही, कमानीच्या दिशेने दाबही आहे, आणि पॉइंट लोडच्या डावीकडे व उजवीकडे तो वेगळा आहे. D पाशी उतार (४० − २०) ÷ ५० = ०.४, म्हणजे कोन २१.८ अंश, cos ०.९२८५ आणि sin ०.३७१४. D च्या किंचित डावीकडे उभं बल ९७.५, किंचित उजवीकडे ९७.५ − १०० = −२.५. दाब N = H cosθ + V sinθ या सूत्राने

डावीकडे N = ११०.२६ + ३६.२१ = १४६.४७ किलोन्यूटन
उजवीकडे N = ११०.२६ − ०.९३ = १०९.३३ किलोन्यूटन

कमानीला आडवी जाणारी शिअर Q = V cosθ − H sinθ, ती डावीकडे +४६.४२ आणि उजवीकडे −४६.४२. मोमेंट दोन्हीकडे तोच २६२.५, कारण छेद किंचित हलल्याने हात बदलत नाहीत. म्हणून छेद तपासताना २६२.५ बरोबर १४६.४७ घ्यायचा, १०९.३३ घेऊन दाब कमी लेखायचा नाही. आणि ताणाची बाजू तपासायची असेल तर १०९.३३ सुद्धा घालून बघायचा, कारण कमी दाबाने खालच्या बाजूचा ताण कमी दडपला जातो. हे आकडे बरोबर आहेत का ते एका ओळीत कळतं. N मधली उडी १०० × sinθ एवढी, म्हणजे ३७.१४ हवी, आणि Q मधली १०० × cosθ, म्हणजे ९२.८५. १४६.४७ − १०९.३३ = ३७.१४. ४६.४२ ची दुप्पट ९२.८४, शेवटचा अंक राउंड ऑफचा.